`value` हजारांत की डॉलरमध्ये? रिफ्रेश लाइव्ह जाण्याआधीची एक तपासणी

डेटाच्या कामात नव्याने आलेल्यांना सुरुवातीलाच सांगितलं जातं: फाइल आली का बघा, ओळी मोजा, कॉलम तेच आहेत का आणि कुठे रिकामं राहिलंय का ते तपासा. हे सगळं नीट केलं तरी एक गडबड सहज आत शिरते. कॉलमचं नाव तेच असतं, डेटा टाइप तोच असतो, आकडेही शंका येण्यासारखे नसतात, पण त्यांचं एकक बदललेलं असतं. मी संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या होल्डिंगचा डॅशबोर्ड सांभाळते, आणि हा प्रश्न नीट समजून घ्यायला त्या डेटाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

अमेरिकेत दहा कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त पात्र रोख्यांची गुंतवणूक हाताळणाऱ्या संस्थांना दर तिमाहीनंतर ४५ दिवसांत फॉर्म १३-एफ भरावा लागतो. त्यात प्रत्येक रोख्यामागे एक ओळ असते. `value` म्हणजे तिमाहीअखेरचं मूल्य आणि `sshPrnamt` म्हणजे शेअरची संख्या. वर्षानुवर्षं `value` हजार डॉलरमध्ये लिहिलं जायचं. ३ जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण डॉलरमध्ये लिहायचं ठरलं. नियामकाने हे नियमात जाहीर केलं होतं, पण फाइलमध्ये मात्र टॅगचं नाव तेच राहिलं. फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला काहीच कळवलं जात नाही, आणि रोजचं काम तर प्रोग्रामच करतो.

सगळ्यांचे आकडे एकदम हजारपट झाले असते तर आलेख आभाळाला भिडला असता आणि कुणीही ओरडलं असतं. प्रत्यक्षात काही फाइलर जुन्या सवयीने हजारांतच भरत राहिले. एकाच तिमाहीत बहुतेक फाइलिंग डॉलरमध्ये आणि थोडी हजारांत, अशी सरमिसळ झाली. समजा एखाद्या फाइलरचा एकूण बेरजेत वाटा एक टक्का आहे आणि त्याचे आकडे हजारपट लहान आले. बेरीज एक टक्क्याने घसरेल, आणि बाजार एका तिमाहीत त्याहून कितीतरी जास्त हलतो. 'मागच्या वेळेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर थांबा' ही नेहमीची अट त्याला बिनदिक्कत पुढे सोडेल. मग त्या फाइलरचं पान उघडणाऱ्याला दिसेल की संस्थेने जवळपास सगळं विकून टाकलं. बेरजेवर लावलेल्या तपासणीवर म्हणूनच माझा विश्वास नाही. तपासणी लावायची ती ज्या पातळीवर एकक ठरतं तिथे, म्हणजे इथे प्रत्येक फाइलिंगवर.

तपासायचं कशाशी? मागच्या तिमाहीशी तुलना केली तर खरी विक्री आणि एककाचा बदल वेगळे करता येत नाहीत. त्यापेक्षा त्याच ओळीतला असा आकडा घ्या ज्याचं एकक बदललेलं नाही. शेअरची संख्या तशी आहे. `value` ला तिने भागलं की भाव निघतो, आणि तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा बंद भाव सगळ्या जगाला माहीत असतो. ३० डिसेंबर २०२२ ला ॲपलचा शेअर १२९.९३ डॉलरवर बंद झाला. कुणाकडे २०,००० शेअर असतील तर `value` मध्ये २५,९८,६०० यायला हवं. तिथे २,५९९ दिसलं तर भागाकार ०.१३ च्या आसपास येतो. मायक्रोसॉफ्टचा बंद भाव होता २३९.८२. ५,००० शेअरपुढे १,१९९ लिहिलेलं असेल तर तिथेही ०.२४ निघेल. दोन्हीकडे भाव बरोबर हजारपटीने कमी. खरेदी-विक्री कितीही झाली तरी हे गुणोत्तर हलत नाही, कारण मूल्य आणि संख्या दोन्ही एकत्रच बदलतात.

पुढची पायरी म्हणजे निघालेल्या भावाला खऱ्या बंद भावाने भागून त्या गुणोत्तराचा १० च्या पायाचा लॉगॅरिदम घेऊन प्रत्येक फाइलिंगसाठी त्याचा मध्यक काढायचा. पोस्टग्रेसमध्ये आम्ही हे असं लिहितो:

```sql
SELECT accession_no,
       percentile_cont(0.5) WITHIN GROUP (
         ORDER BY log(value::float8 / shares / close_price)
       ) AS shift
FROM staging_holdings
WHERE value >= 100 AND shares > 0
  AND share_type = 'SH' AND put_call IS NULL
GROUP BY accession_no;
```

`::float8` विसरू नका. दोन्ही कॉलम पूर्णांक असतील तर पोस्टग्रेस भागाकारातला अपूर्णांक टाकून देतो, आणि हजारांतल्या फाइलिंगमध्ये बहुतेक भागाकार थेट शून्य होतात. शून्याचा लॉगॅरिदम मागितला की क्वेरीच अडते. `value >= 100` ही अट हजारांत भरताना झालेल्या पूर्णांकनासाठी आहे. ३ हजार असं लिहिलेल्या ओळीत खरी रक्कम २,५०० ते ३,५०० मधली काहीही असू शकते, त्यामुळे तिच्यावरून काढलेल्या भावाला अर्थ नाही. कर्जरोखे आणि ऑप्शन आम्ही बाहेर ठेवतो, कारण त्यांच्यात संख्येने भागून शेअरचा भाव मिळेलच असं नाही.

सगळं ठीक असेल तर `shift` शून्याला चिकटून असतो. ०.०५ च्या पलीकडे गेला, म्हणजे साधारण बारा टक्क्यांचा फरक पडला, की आम्ही ते फाइलिंग अडवतो आणि तो कुठे जाऊन थांबलाय ते पाहतो. उणे ३ म्हणजे हजार. इतर स्रोतांत २ दिसलं तर पेन्स आणि पौंड यांच्यासारखी शंभराची गल्लत आधी तपासावी, कारण लंडनच्या बाजारात बरेच शेअर पेन्समध्ये उद्धृत होतात. उत्तर पूर्णांकाजवळ नसेल तर चलनच बदललंय का ते बघावं. १ जानेवारी २०२३ ला क्रोएशियाने कुना सोडून युरो घेतला तेव्हा दर होता ७.५३४५, आणि त्याचा लॉगॅरिदम येतो ०.८७७.

इथे एक फसवी जागा आहे. बंद भाव देणारे बरेचसे स्रोत शेअर स्प्लिटनंतर जुने भावही बदलून देतात. एका शेअरचे दहा असा स्प्लिट झाला की `shift` अधिक १ दिसतो आणि स्केल बदलल्याचा भास होतो. मात्र स्प्लिटची चूक एकाच शेअरवर पण सगळ्या फाइलरांत दिसते, तर एककाची चूक एकाच फाइलिंगच्या सगळ्या शेअरांवर पसरते. ओळी आधी शेअरनिहाय आणि मग फाइलिंगनिहाय लावून बघितल्या की मिनिटभरात उलगडा होतो. भावासाठी न बदललेला मूळ बंद भावच वापरावा हे उत्तम.

ही तपासणी स्टेजिंगच्या टेबलवर चालते. ती पार झाल्यावरच डेटा डॅशबोर्डच्या टेबलमध्ये जातो. एखादं फाइलिंग अडकलं म्हणून सगळा रिफ्रेश रोखायचं कारण नाही. त्या एका संस्थेची मागची तिमाही तशीच ठेवून पानावर तसं स्पष्ट लिहावं आणि बाकीचं जाऊ द्यावं.

आकडा दुरुस्त करताना मूळ `value` ला हात लावू नका. शेजारी `value_scale` असा कॉलम ठेवा, त्यात १ किंवा १००० लिहा आणि गुणाकार व्ह्यूमध्ये करा. सर्वसाधारण नियम फाइल दाखल झाल्याच्या तारखेवर बेतावा, तिमाहीवर नाही. २०२२ च्या एखाद्या तिमाहीची सुधारित फाइल २०२३ मध्ये आली तर ती नव्या फॉर्मवर, म्हणजे डॉलरमध्ये असायला हवी. नियमाला अपवाद करायचा तर तो प्रत्येक फाइलिंगला वेगळा मिळणाऱ्या ॲक्सेशन नंबरला बांधावा, फाइलरच्या नावाला नाही. हजारांत भरलेली संस्था काही दिवसांनी दुरुस्त फाइल पाठवते. अपवाद नावाला बांधलेला असेल तर ती बरोबर फाइलही हजाराने गुणली जाईल, आणि गुणलेल्या आकड्यावर काढलेला `shift` या वेळी अधिक ३ दाखवेल.