गिफ्ट सुचवताय? आधी "कशासाठी?" विचारा

"मावशी, एक छानसं गिफ्ट सुचव ना, परवा द्यायचंय." भाचीचा असा फोन आला आणि मी लगेच सुरू झाले: भिंतीवरचं घड्याळ, पर्स, सुती साडी, चांदीची वाटी. ती नुसती "हं, हं" करत राहिली. समोरून असं "हं" येऊ लागलं की समजावं, आपण अंधारात बोलतोय. माहिती हाती नसताना सुचवत सुटणं ही पहिली चूक.

मग मी दुसरी केली. वय काय, नातं काय, बजेट किती, असं सगळं एका दमात विचारलं. अशा वेळी माणूस शेवटच्या प्रश्नाचंच उत्तर देतो. "बजेट काही फार नाही गं," एवढंच ती म्हणाली. पैशांचा प्रश्न आधी आला की माणूस संकोचतो आणि मोघम बोलतो, म्हणून तो शेवटी ठेवावा.

पहिला प्रश्न एकच असावा: "कार्यक्रम कसला आहे?" आपल्याकडे प्रसंगाच्या नावातच बाकीची बरीच उत्तरं असतात. साठीशांत म्हटलं की वय कळलं. भाऊबीज म्हटलं की नातं कळलं. वास्तुशांत असेल तर वस्तू एकासाठी नाही, घरासाठी हवी. फसतो तो वाढदिवस, कारण तो कोणाचाही असतो, तिथे लगेच "तुझे कोण लागतात?" हे विचारावं लागतं.

भाची म्हणाली, "बारसं." म्हणजे बाळ काही दिवसांचंच. "कोणाचं?" "ऑफिसातल्या मैत्रिणीचं, दुसरं." या 'दुसरं'ने माझी यादीच बदलली. पहिल्या बाळाच्या वेळची वाटी-चमचा, झबली, पाळण्यावरचं खेळणं घरात बहुधा असतंच. पहिली मुलगी चार वर्षांची आहे, हेही बोलण्यात आलं.

मग पैशांचं विचारलं, पण आकडा न मागता: "हजाराच्या आत बसवायचंय की थोडं वर चालेल?" तेव्हा कळलं, पाचजणी मिळून देणार आहेत, प्रत्येकी 500. म्हणजे 2500 रुपये, आणि मी तर एकटीचं गिफ्ट धरून चालले होते!

शेवटी ठरलं ते असं: बाळाच्या आईला समोरून उघडणारे दोन सुती गाऊन, ताईला चित्रांची पुस्तकं आणि रंगीत खडू, बाळाला एकच कपड्यांचा जोड. तोही सहा ते बारा महिन्यांच्या मापाचा, कारण नवजात बाळाचे कपडे बघता बघता आखूड होतात. मात्र मोठं माप घेताना ऋतू मोजावा. बाळ त्या मापात येईल तेव्हा मे महिना असेल, तर लोकरीचा स्वेटर कपाटातच राहतो.

एक मात्र मी विचारायला विसरले: पत्रिकेत किंवा निरोपात "आहेर आणू नये" असं लिहिलंय का? सुदैवाने तसं नव्हतं. असतं, तर खरेदीच्या आधी यजमानांना एक फोन करायला हवा होता.