फोटोवरून अॅबस्ट्रॅक्ट मराठीत करताय? या चुका टाळा (आणि रात्री अकराला 'दोन मिनिटांचं काम आहे ताई' म्हणू नका)

ठाण्यात नौपाड्यात बसून मी भाषांतराची कामं करते आणि त्यातली निम्मी अशी येतात: लायब्ररीतल्या जर्नलच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो, खाली 'ताई, एवढं अॅबस्ट्रॅक्ट आणि कीवर्ड्स मराठीत करून द्या, उद्या गाईडला दाखवायचंय'. एका पानाचं काम असतं, नाही म्हणवत नाही. पण त्याच त्याच चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

पहिली चूक फोटोतच होते, आणि ही मी स्वतः केलीय म्हणून जरा लांब सांगते.

ऐरोलीची एक मुलगी होती, ठाणे खाडीतल्या तिवरांवर थीसिस. तिने एका पेपरचा फोटो पाठवला, जाड बाइंडिंगचं जर्नल, शिवणीकडची बाजू वाकलेली, त्यावर तिच्याच हाताची सावली. वर व्हॉट्सअॅपने फोटो आणखी दाबून बारीक केला. मला टाइप करायचा आळस, म्हणून फोनवरच फोटोतला मजकूर कॉपी करून घेतला आणि कामाला लागले. गाळात शिसं किती सापडलं ते वाक्य माझ्यासमोर असं आलं: 42.6 pg/g. मी शहाणीसारखं लिहिलं, दर ग्रॅम गाळात ४२.६ पिकोग्रॅम शिसं. कीवर्ड्स केले, पाठवलं, झोपले.

दुसऱ्या दिवशी गाईडने तिला सगळ्यांसमोर विचारलं, ही खाडी आहे की डिस्टिल्ड वॉटरची बाटली? कारण छापील पानावर होतं 42.6 µg/g. म्यूची ती खाली लोंबणारी शेपटी फोटोत पुसट झाली की फोनला तो p वाटतो. आणि p म्हणजे पिको, त्यामुळे शब्द खोटा दिसतच नाही, स्पेलचेक गप्प बसतो. एका मायक्रोग्रॅममध्ये १० लाख पिकोग्रॅम असतात, म्हणजे मी शिसं १० लाख पटीने कमी करून टाकलं होतं. कधी तो m होतो, मग मिलिग्रॅम, १००० पट जास्त. कधी u होतो, ते त्यातल्या त्यात बरं, निदान विचित्र तरी दिसतं.

हे मला कळायला हवं होतं का? हो, हवं होतं. पृथ्वीच्या कवचातच दर ग्रॅमला साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम शिसं असतं. मग कारखान्यांच्या शेजारच्या खाडीतला गाळ डोंगरातल्या दगडापेक्षा लाखो पटीने स्वच्छ कसा असेल? तेव्हापासून माझी सवय अशी की एकक आणि आकडे कॉपी करायचेच नाहीत, फोटो मोठा करून डोळ्याने वाचायचे, हाताने टाइप करायचे आणि पेपरच्या आतल्या टेबलमधल्या एककाशी ताडून बघायचे. टेबलचा फोटो नसेल तर मी तो मागते, तोवर काम सुरू करत नाही. मुलं वैतागतात, वैतागू देत.

घातांकांचं पण तेच. 10⁻³ सपाट होऊन 10-3 येतं आणि कोणीतरी ते 'दहा ते तीन' वाचतं. हसू नका, झालंय.

फोटो कसा काढायचा हे तर एका ओळीत: खिडकीजवळ, पान दाबून सपाट, कॅमेरा बरोबर वरून, आणि पाठवताना फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे दाबला जात नाही. पानावर डीओआय नंबर छापला असेल तर आधी तो शोधा, अॅबस्ट्रॅक्ट बहुतेक वेळा ऑनलाइन फुकट वाचता येतं, मग फोटोची कटकटच नाही. पण हे सांगितलं की उत्तर येतं, 'ट्रेनमध्ये आहे, नंतर बघतो'.

आता माझा दुसरा लाडका राग. 'सिग्निफिकंट'. याचं भाषांतर डोळे मिटून 'महत्त्वाचा' किंवा 'लक्षणीय' केलं जातं. पेपरमध्ये त्याच्या शेजारी p < 0.05 दिसलं की थांबा, तो शब्द तिथे सांख्यिकीतला आहे. लेखक एवढंच म्हणतोय की मुळात फरक नसताच तर निव्वळ नमुन्यांच्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचपेक्षा कमी होती. फरक मोठा आहे की चिमूटभर, ते तो बोलतच नाहीये. म्हणून 'सांख्यिकीयदृष्ट्या सार्थक' लिहा आणि p चा आकडा आहे तसाच ठेवा. उलट्या वाक्यात तर जास्त घोळ होतो. 'नॉट सिग्निफिकंट' चं त्याच मुलीने आधी स्वतः केलं होतं 'पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात फरक नाही'. अगं, फरक दिसला होता, तो सार्थक ठरला नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

अशा शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, ऑनलाइन बघता येतात. मी आधी तिथे बघते. सापडलेला शब्द फारच संस्कृत वाटला आणि विषयातली माणसं तो बोलत नसतील तर इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवते, पण जो ठेवला तो शेवटपर्यंत तोच. पहिल्या ओळीत गाळ, तिसऱ्या ओळीत अवसाद आणि कीवर्ड्समध्ये साका असं केलं की वाचणाऱ्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. शाळेच्या निबंधात शब्द पुन्हा आला की मार्क कापायचे, ती सवय इथे नको.

शास्त्रीय नावं रोमनमध्ये आणि तिरकी. तिवर लिहा, पण पहिल्यांदा Avicennia marina सोबत येऊ दे.

कीवर्ड्स मराठीत करा आणि खाली मूळ इंग्रजी ओळ, तोच क्रम, तीच विरामचिन्हं ठेवून, जशीच्या तशी उतरवा. पुढचे पेपर त्याच शब्दांनी सापडणार आहेत, 'जैवसंचय' टाकून इंग्रजी डेटाबेसमध्ये काही मिळत नाही.

राहिले संदर्भ. अॅबस्ट्रॅक्टमध्ये ते सहसा नसतात, पण तिच्या पेपरमध्ये दोन होते आणि तिथे मराठी वाक्यरचनेनेच दगा दिला. इंग्रजीत आधी होतं की पावसाळ्यात शिसं वाढतं [4], आणि मग 'जरी काहींना तसा बदल दिसला नाही [7]'. मराठीत आपण सहज उलटं म्हणतो, काहींना तसा बदल दिसला नसला तरी पावसाळ्यात शिसं वाढतं. तिने वाक्य छान उलटवलं आणि आकडे मात्र होते तिथेच ठेवले, आधी 4 मग 7. झालं, ज्याने बदल नाही म्हटलं त्याच्या तोंडी वाढ आणि ज्याला वाढ दिसली त्याच्या तोंडी नकार. आकडा विधानाला चिकटलेला असतो, जागेला नाही, त्यामुळे मराठीत 7 आधी आला तर येऊ दे, क्रम सुंदर दिसावा म्हणून बदलू नका. मी तर भाषांतराआधी प्रत्येक कंसातल्या आकड्याला आणि त्याच्या विधानाला एकाच रंगाचा हायलायटर मारते, पोरकट वाटतं पण चुकत नाही.

आकडे आणि लेखकांची नावं रोमनमध्येच राहू द्या, [७] केलंत तर शेवटच्या यादीत शोधताना सापडणार नाही. 'एट अल' चं 'आणि मंडळी' तर कृपा करून करू नका, एकाने केलं होतं, लग्नपत्रिका वाटत होती.

आणि एपीए शैली असेल तर स्वतः केलेल्या भाषांतराला अवतरणचिन्ह लावायची गरज नाही, ते आपल्या शब्दांत सांगितल्यासारखं धरतात, संदर्भ मात्र द्यायचाच.

त्या मुलीने नंतर अख्ख्या पेपरची पीडीएफ पाठवली, डॉक्युमेंट म्हणून. रात्री पावणेबाराला.