X कळल्यावर Y चं वितरण कसं काढावं: जोड-नॉर्मल चलांसाठी वर्ग पूर्ण न करता

X आणि Y यांचं संयुक्त वितरण नॉर्मल आहे. X ची किंमत कळली, तर Y बद्दल काय सांगता येईल? बहुतेक पुस्तकं संयुक्त घनता फलनाला X च्या घनता फलनाने भागतात आणि घातांकात y चा वर्ग पूर्ण करतात. उत्तर बरोबर येतं, पण पानभर बीजगणित होतं आणि ते तसं का आलं हे कळत नाही. मला दुसरी वाट मनापासून आवडते: Y मधून X चा वाटा काढून घ्यायचा आणि उरलेलं काय आहे ते पाहायचं.

सुरुवातीला पाच संख्या जमवा: दोन सरासऱ्या, दोन प्रमाण विचलनं आणि सहसंबंध गुणांक ρ. उदाहरणासाठी दोन परीक्षा घेऊ. पहिलीतले गुण X, सरासरी ६०, प्रमाण विचलन ८. दुसरीतले गुण Y, सरासरी ५०, प्रमाण विचलन १०. आणि ρ = ०.६.

पायरी १: उरलेला भाग तयार करा. Z = Y − bX असं नवं चल घ्या. b अजून ठरलेला नाही. तो असा निवडायचा की Z आणि X यांचा कोव्हेरिअन्स शून्य व्हावा:

```
Cov(Z, X) = ρσxσy − bσx² = 0
b = ρσy/σx
```

आपल्या उदाहरणात b = ०.६ × १० ÷ ८ = ०.७५.

पायरी २: Z आणि X स्वतंत्र आहेत हे पटवून घ्या. सगळा युक्तिवाद इथे टेकलेला आहे, म्हणून इथे थांबा. कोव्हेरिअन्स शून्य असला की चलं स्वतंत्र असतातच असं नाही. पण (X, Y) जोड-नॉर्मल असेल, तर त्यांच्या रेषीय मिश्रणांनी बनलेली (X, Z) ही जोडीही जोड-नॉर्मल असते. अशा जोडीच्या घातांकात दोन चलांना जोडणारं एकच पद असतं, गुणाकाराचं. सहसंबंध शून्य झाला की ते पद जातं, घनता फलनाचे दोन वेगळे गुणक होतात आणि चलं स्वतंत्र ठरतात.

पायरी ३: X = x ठेवा. Y = bX + Z. X कळला की bX हा निव्वळ आकडा होतो. Z ला मात्र X कळल्याने काहीच फरक पडत नाही. त्याचं वितरण होतं तसंच राहतं. म्हणून Y चं सशर्त वितरण म्हणजे Z चंच वितरण, फक्त bx ने सरकवलेलं. Z ची सरासरी μy − bμx आहे आणि व्हेरिअन्स असा:

```
Var(Z) = σy² − 2bρσxσy + b²σx² = σy²(1 − ρ²)
```

म्हणजे

```
Y | X = x  ~  N( μy + ρ(σy/σx)(x − μx),  σy²(1 − ρ²) )
```

आता एखाद्याला पहिल्या परीक्षेत ७६ मिळाले असं समजा. सशर्त सरासरी ५० + ०.७५ × १६ = ६२. व्हेरिअन्स १०० × ०.६४ = ६४, म्हणजे प्रमाण विचलन ८. काही माहीत नसताना दुसऱ्या परीक्षेत ७० च्या वर जाण्याची शक्यता सुमारे २.३ टक्के होती, कारण ७० हा सरासरीपासून दोन प्रमाण विचलनं वर आहे. ७६ कळल्यावर तोच ७० फक्त एक प्रमाण विचलन वर उरतो आणि शक्यता सुमारे १६ टक्के होते.

इथे एक गोष्ट नीट पाहा. पहिल्या परीक्षेत हा विद्यार्थी सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं वर होता, दुसऱ्यासाठी अंदाज मात्र १.२ प्रमाण विचलनंच वर आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच सरासरीकडे सरकणं दाखवलं होतं.

यातूनच एक नेहमीची चूक निघते: रेषा उलटी वाचणे. ७६ वरून ६२ आला, म्हणून ६२ वरून ७६ येईल असं वाटतं. सूत्रात X आणि Y ची अदलाबदल करून पाहा: ६० + ०.६ × (८ ÷ १०) × १२ = ६५.७६. दोन्ही दिशांच्या रेषा वेगळ्या आहेत. ρ चं मूल्य १ किंवा −१ असेल तरच त्या एक होतात.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: X नॉर्मल, Y नॉर्मल, म्हणून जोडीही नॉर्मल असं धरून चालणे. सरासरी ० आणि प्रमाण विचलन १ असलेला नॉर्मल X घ्या, नाणं उडवा. छापा आला तर Y = X, काटा आला तर Y = −X. Y सुद्धा नॉर्मलच आहे आणि सहसंबंध शून्य आहे. सूत्र सांगेल की X कळून काहीच फायदा नाही. प्रत्यक्षात X = २ कळलं की Y एक तर २ किंवा −२, तिसरं काही नाही. पायरी २ इथे कोसळते.

हाती आकडेवारी असेल, तर प्रत्येक नोंदीसाठी y − bx काढा आणि x समोर आलेखावर मांडा. ठिपक्यांचा पट्टा डावीकडून उजवीकडे सारख्याच रुंदीचा आणि आडवा दिसायला हवा. तो पंख्यासारखा पसरला किंवा कमानीसारखा वाकला, तर Z आणि X स्वतंत्र नाहीत आणि ६४ हा एकच व्हेरिअन्स सगळ्या x साठी वापरता येणार नाही. वरच्या नाण्याच्या उदाहरणात असा आलेख काढला तर पट्ट्याऐवजी फुली दिसते.