नासची डिस्क गेली तर आपल्याला आधी कळलं पाहिजे: ईमेल अलर्ट आणि एसएनएमपी सेटअप

रेड ५ मधली एक डिस्क मेली तरी फाइल्स उघडतात, फोटो दिसतात, बीप होत असतो तो कोणीतरी बंद करतं आणि सगळं विसरलं जातं, मग दुसरी डिस्क गेली की ॲरे संपला. म्हणून नासला बोलतं करायचं. मी सिनॉलॉजीच्या डीएसएम ७ वर सांगतोय.

आधी ईमेल. Control Panel मध्ये Notification उघडा आणि मेल अकाउंट जोडा. जीमेलला एसएमटीपीने जोडत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड बनवावा लागतो. टेस्ट मेल पाठवा आणि तो स्पॅममध्ये तर पडला नाही ना ते बघा. पण टेस्ट मेल आला म्हणजे फक्त मेल जातोय एवढंच कळतं, खरा अलर्ट सुटतो का ते नाही. त्यासाठी Storage Manager मध्ये व्हॉल्यूमच्या सेटिंगमधली कमी जागेची मर्यादा थोडा वेळ इतकी वाढवा की आत्ताची मोकळी जागा तिच्याखाली येईल. मेल आला की मर्यादा परत खाली आणा.

आता मेलची अडचण अशी की तो नास स्वतः पाठवतो, नासच बंद पडला तर पाठवणार कोण? म्हणून दुसऱ्या मशीनवरून, अगदी रास्पबेरी पाय चालेल, एसएनएमपीने विचारत राहायचं. Control Panel मध्ये Terminal & SNMP मधून एसएनएमपी चालू करा, कम्युनिटीचं नाव पासवर्डसारखंच काम करतं, ते `public` ठेवू नका. एसएनएमपीच्या व्ही२सी आवृत्तीमध्ये ते नाव नेटवर्कवर उघडंच जातं, त्यामुळे राउटरवर १६१ पोर्ट बाहेर अजिबात उघडायचा नाही, ऑफिससाठी सरळ व्ही३ घ्या. मग त्या दुसऱ्या मशीनवरून ही कमांड चालवा, `gharnas` आणि आयपीच्या जागी तुमचं कम्युनिटीचं नाव आणि तुमच्या नासचा पत्ता घाला.

```
snmpwalk -v2c -c gharnas 192.168.1.20 1.3.6.1.4.1.6574.3.1.1.3
```

उत्तरात १ आला तर नॉर्मल, ११ म्हणजे डिग्रेडेड, १२ म्हणजे क्रॅश्ड. बरेच जण "१ नसेल तर अलर्ट" असं लिहितात आणि मग वैतागतात, कारण २ म्हणजे रिपेअर चालू आणि ८ म्हणजे पॅरिटी तपासणी, म्हणजे डिस्क बदलली की किंवा स्क्रबिंग लागलं की तासन् तास मेल येत राहतात. ११ आणि १२ वर अलर्ट लावा, आणि उत्तरच आलं नाही तर तोही अलर्टच, मेलने जे जमत नाही ते नेमकं हेच.

तापमान `1.3.6.1.4.1.6574.2.1.1.6` वर मिळतं, प्रत्येक डिस्कची वेगळी ओळ. मी ५० अंशावर अलर्ट ठेवतो. एकच डिस्क बाकीच्यांपेक्षा बरीच गरम दिसली तर त्या डिस्कवर संशय घ्या, सगळ्याच चढल्या तर पंखा किंवा धूळ बघा.

जागेसाठी वरच्या snmpwalk कमांडमधल्या शेवटच्या `.3` ऐवजी `.4` लावला की मोकळी जागा आणि `.5` लावला की एकूण जागा, दोन्ही बाइट्समध्ये. पण त्याच टेबलमध्ये स्टोरेज पूलचीही ओळ असते आणि सगळी जागा व्हॉल्यूमला दिलेली असली की तिथे मोकळी जागा जवळपास शून्य दिसते, म्हणून `.2` वर नावं बघून फक्त व्हॉल्यूमचीच ओळ मोजा.