फर्मवेअर अपडेट अर्ध्यावर थांबलं? या चुका टाळा

बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर, अपडेट करायचं म्हणजे पूर्वी पेनड्राइव्ह बनवण्यापासून सुरुवात असायची. आता विंडोज अपडेट किंवा लिनक्समधलं `fwupd` ते इतर अपडेट्सच्या रांगेतच आणून देतं. तरीही चिपवर लिहिण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टीम करत नाही. ती निर्मात्याची डिजिटल सही असलेली एक फाइल, म्हणजे कॅप्सूल, तयार ठेवते आणि रीस्टार्टच्या वेळी यूईएफआय फर्मवेअरच्या हवाली करते. पुढे सही तपासणं, चार्जिंग बघणं आणि प्रत्यक्ष लिहिणं हे सगळं फर्मवेअर करतं.

म्हणून ‘अर्ध्यावर थांबलं’ याचे तीन वेगळे अर्थ होतात. कॅप्सूल फर्मवेअरपर्यंत पोचलीच नाही, पोचली पण फर्मवेअरने नाकारली, किंवा लिहिता लिहिता काम तुटलं. पहिल्या दोन प्रकारांत जुनं फर्मवेअर जसंच्या तसं शाबूत असतं आणि मशीनला काहीही झालेलं नसतं. लोक घाबरतात ते तिसऱ्याला, आणि त्या भीतीपोटी केलेले उपाय पहिल्या दोघांत नवं दुखणं लावून देतात.

चूक: कारण न बघता पुन्हा पुन्हा अपडेट देणं

कॅप्सूल पोचली का, आणि पोचली तर तिचं काय झालं, याची नोंद फर्मवेअर स्वतः ठेवतं. ईएसआरटी नावाच्या तक्त्यात ती असते आणि लिनक्समध्ये अशी वाचता येते:

```
cd /sys/firmware/efi/esrt/entries/entry0
sudo cat fw_type fw_version last_attempt_version last_attempt_status
```

नोंदी एकाहून जास्त असू शकतात. ज्या नोंदीत `fw_type` 1 आहे, ती मुख्य सिस्टीम फर्मवेअरची. विंडोजमध्ये हीच माहिती रजिस्ट्रीत मिळते:

```
reg query HKLM\HARDWARE\UEFI\ESRT /s
```

उबुंटू असलेल्या एका लॅपटॉपचं उदाहरण घेऊ. दुपारी बॅटरी ६० टक्के असताना अपडेट दिलं, ‘रीस्टार्ट करा’ असा निरोप आला, पण काम चालू होतं म्हणून रीस्टार्ट राहिला. संध्याकाळी तो केला, लोगो आला, मशीन पुन्हा सुरू झालं आणि थेट उबुंटू उघडलं. आवृत्ती मात्र जुनीच. तक्ता उघडला तेव्हा हे आकडे मिळाले:

```
1
65549
65550
7
```

दुसरा आकडा सध्याच्या आवृत्तीचा, तिसरा शेवटच्या प्रयत्नातल्या आवृत्तीचा. या मशीनवर 65550 म्हणजे 0.1.14 आणि 65549 म्हणजे 0.1.13. शेवटच्या प्रयत्नात नवा आकडा दिसतोय, म्हणजे कॅप्सूल फर्मवेअरच्या हातात नक्की पडली होती. तरी सध्याची आवृत्ती जुनी आहे, म्हणजे ती नाकारली गेली. का नाकारली, ते शेवटचा 7 सांगतो: बॅटरी पुरेशी नाही. दुपारी ६० टक्के असलेली बॅटरी संध्याकाळपर्यंत उतरली होती, आणि फर्मवेअर बघतं ते रीस्टार्टच्या क्षणीचं चार्जिंग. बटण दाबताना किती होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चार्जर लावून, बॅटरी भरू देऊन लगेच रीस्टार्ट केला की हे काम होतं.

6 आला तर चार्जर जोडलेला नव्हता असं समजा. 5 म्हणजे सही जुळली नाही, तेव्हा फाइल पुन्हा उतरवून घ्या. 3 म्हणजे आवृत्ती चालणारी नाही, आणि जुन्या आवृत्तीवर परत जायला निघालेल्यांना बहुधा हाच भेटतो. `lowest_supported_fw_version` मध्ये दिलेल्या आकड्याच्या खाली फर्मवेअर उतरू देत नाही. 1 मात्र नुसतं ‘जमलं नाही’ इतकंच सांगतो, तिथे निर्मात्याच्या सूचनाच वाचाव्या लागतात.

मेलेली बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवलेले लॅपटॉप आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांतले बरेच अपडेट घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. लिहिण्याच्या मध्यात लाइट गेली तर सांभाळायला बॅटरीच असते. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय या वाटेला जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन.

चूक: कॅप्सूल पोचली नाही म्हणून ईएफआय विभाजन पुसणं

`last_attempt_version` मध्ये नव्या आवृत्तीचा पत्ताच नसेल, तर अडचण फर्मवेअरच्या आधीच आहे. आधी बायोस सेटअपमध्ये जा. बऱ्याच ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये कॅप्सूल अपडेटला परवानगी देणारा पर्याय असतो आणि कधी कधी तो बंद ठेवलेला असतो. तो बंद असेल तर बाकी सगळी खटपट वाया.

नंतर जागा बघा, कारण कॅप्सूल डिस्कवरच्या ईएफआय विभाजनात ठेवली जाते. विंडोजने बनवलेलं ईएफआय विभाजन बहुधा १०० एमबीचं असतं, आणि एकाच मशीनवर दोन सिस्टीम असतील तर ते लवकर भरतं. `df -h /boot/efi` ने ते दिसतं. उबुंटूमध्ये `EFI/ubuntu/fw` या फोल्डरात जुन्या `.cap` फाइली उरल्या असतील तर त्या काढायला हरकत नाही. बाकीच्या फोल्डरांना हात लावू नका, आणि `/sys/firmware/efi/efivars` मधलं, म्हणजे फर्मवेअरच्या स्वतःच्या नोंदींतलं, तर काहीच पुसू नका. तिथलं सरसकट पुसल्यामुळे काही मशीन सुरूच होईनाशी झाली होती. त्यानंतर २०१६ मध्ये लिनक्स कर्नेलमध्ये तिथल्या बहुतेक नोंदींना संरक्षण दिलं गेलं.

दोन सिस्टीम असणाऱ्यांकडून आणखी एक गोष्ट होते. `fwupd` बहुतेक मशीनवर पुढच्या एकाच बूटसाठी आपल्या अपडेटरचा नंबर लावतं. त्याच वेळी आपण बूट मेनू उघडून विंडोज निवडलं, की तो नंबर हुकतो. त्या रीस्टार्टला कुठलीच की दाबू नका.

चूक: पडदा काळा झाला म्हणून पॉवर बटण दाबून धरणं

प्रत्यक्ष लिहायला सुरुवात झाली की मशीन विचित्र वागतं. पंखा पूर्ण वेगाने फिरतो, पडदा काळा होतो, आपोआप दोन-तीनदा रीस्टार्ट होतं. एकाच कॅप्सूलमध्ये मुख्य फर्मवेअरबरोबर कीबोर्ड, चार्जिंग आणि पंखे सांभाळणाऱ्या कंट्रोलरचंही अपडेट असू शकतं, आणि प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो. अपडेटनंतरच्या पहिल्या बूटला मेमरीची जुळणी नव्याने होते, तेव्हाही पडदा काळाच असतो. पंखा किंवा दिवा चालू आहे तोवर चार्जर लावून किमान अर्धा तास मशीनला हात लावू नका. अपडेट तुटण्याचं सगळ्यात सोपं कारण म्हणजे या वेळात दाबलेलं पॉवर बटण.

अपडेट झाल्यावर निळ्या पडद्यावर विंडोजमधला, डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, तेव्हाही लोकांना डेटा गेला असं वाटतं. डेटा जागेवरच असतो. फर्मवेअर बदललं की टीपीएम या सुरक्षा चिपमधली मोजमापं बदलतात, म्हणून कुलूप एकदा खात्री करून घेतं. ती की आधीच कागदावर लिहून ठेवा, किंवा एका रीस्टार्टपुरतं बिटलॉकर थांबवून ठेवा. अॅडमिन पॉवरशेलमध्ये:

```
Suspend-BitLocker -MountPoint "C:" -RebootCount 1
```

एवढं करूनही तासाभरानंतर पडद्यावर काहीच येत नसेल, तर चिपवरचं लिखाण खरोखर तुटलेलं असू शकतं. अनेक कंपन्यांनी त्यासाठी सोय ठेवलेली असते. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर जोडला की बायोस रिकव्हरी उघडते. एचपीच्या अनेक मॉडेलांवर विंडोज आणि बी या किज दाबून धरून पॉवर बटण दाबतात, आणि त्यासाठी दुसऱ्या मशीनवर तयार केलेला रिकव्हरी पेनड्राइव्ह लागू शकतो. आपल्या मॉडेलची पद्धत निर्मात्याच्या पानावरून अपडेट देण्याआधीच फोनमध्ये उतरवून घ्या. तीही नाही चालली तर सर्व्हिस सेंटरवाल्याला ‘फर्मवेअर अपडेट मध्येच तुटलंय’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर चिप प्रोग्रामरने पुन्हा लिहून सुटणाऱ्या कामासाठी पूर्ण मदरबोर्ड बदलायला सांगितला जाऊ शकतो.