न्हावा शेवाला माल उतरण्यापूर्वी: ब्लूटूथ स्पीकर आयातीची तयारी

चीनहून ब्लूटूथ स्पीकर मागवणाऱ्याने कागदपत्रांची विभागणी दोन गटांत करावी: जहाज आल्यावरही मिळवता येणारी आणि तेव्हा मिळवणे जवळजवळ अशक्य असलेली. खरी अडवणूक दुसऱ्या गटातल्या कागदांमुळे होते, म्हणून तयारी तिथूनच सुरू करावी.

सर्वप्रथम बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे, नोंदणी प्रमाणपत्र मागवून घ्यावे. ही नोंदणी आयातदाराच्या नव्हे, तर उत्पादकाच्या आणि विशिष्ट कारखान्याच्या नावावर असते. त्यामुळे पुरवठादाराने ‘आमच्याकडे बीआयएस आहे’ एवढे सांगून भागत नाही. त्यावरील कारखान्याचा पत्ता, ब्रँड आणि मॉडेल क्रमांक हे इनव्हॉइसशी आणि स्पीकरवर छापलेल्या ‘आर’ने सुरू होणाऱ्या नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहावेत. पुरवठादाराने ऐन वेळी दुसऱ्या कारखान्यातून माल भरला, तर हातात असलेले प्रमाणपत्र त्या मालाला लागू पडत नाही, आणि नव्या नोंदणीसाठी नमुन्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी करावी लागत असल्याने तोवर कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर आगारात, भाडे खात पडून राहतो. ब्लूटूथ बिनतारी असल्यामुळे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए ही उपकरण-मान्यताही मॉडेलनिहाय हवी. किरकोळ विक्रीच्या खोक्यांवर आयातदाराचे नाव, पत्ता आणि किरकोळ किंमत असावी लागते, त्यामुळे वैधमापन नोंदणीही आधीच करून ठेवावी.

पहिल्या गटातली उणीव त्या मानाने सौम्य. तरी ती फुकट नसते. समजा, मालाची एफओबी, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतची, किंमत 20 लाख रुपये आणि प्रत्यक्ष समुद्रभाडे 80 हजार रुपये आहे. भाड्याचा पुरावाच नसेल, तर मूल्यांकन नियमांनुसार एफओबीच्या 20 टक्के, म्हणजे 4 लाख रुपये भाडे धरले जाते आणि 3 लाख 20 हजारांच्या वाढीव मूल्यावर शुल्क भरावे लागते. विम्याचा कागद नसल्यास 1.125 टक्के धरतात, जे बहुधा सोसण्यासारखे असते. पॅकिंग लिस्टमधील खोक्यांची संख्या आणि वजन जहाज कंपनीने दिलेल्या बिल ऑफ लॅडिंगशी जुळते का, हे मात्र जहाज सुटण्यापूर्वीच पाहावे, कारण नंतरच्या दुरुस्तीसाठी जहाज कंपनीच्या मागे लागावे लागते.

सर्व कागद कस्टम्सच्या ई-संचित या ऑनलाइन प्रणालीवर चढवून बिल ऑफ एंट्री हे आयातीचे घोषणापत्र जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करावे. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोजचे 5 हजार आणि पुढे रोजचे 10 हजार रुपये विलंब आकार लागतो. कस्टम्सने शंका विचारून प्रकरण ‘क्वेरी’त टाकले, तर तिचा मजकूर कस्टम्स ब्रोकरकडून शब्दशः मागवावा, ‘कागद कमी आहेत’ या तोंडी निरोपावर उत्तर तयार करू नये. कागद यायला वेळ लागणार हे स्पष्ट झाल्यास कस्टम्स कायद्याच्या कलम 49 खाली माल सार्वजनिक गोदामात ठेवण्याची परवानगी मागता येते. उतरल्यापासून 30 दिवसांत न सोडवलेला माल नोटीस देऊन विकण्याची तरतूद कलम 48 मध्ये आहे, त्यामुळे हा अर्ज मुदतीच्या आतच करावा.