पिकर दिवसभर चालतोय? बिनच्या जागा ठरवताना या चुका टाळा

गोदामात माल कुठे ठेवायचा हे ठरवताना बहुतेक जण महिन्याचा खप काढतात, सर्वात जास्त खपणारा माल पॅकिंग टेबलाजवळ आणतात आणि काम झालं असं समजतात. मीही हेच केलं होतं. नवी मांडणी झाली, पण पिकरांचं चालणं होतं तेवढंच राहिलं.

चूक एक्सेलमधल्या एका फॉर्म्युल्यात होती. मी `SUMIF` लावून नग मोजले होते. मोजायला हव्या होत्या फेऱ्या, म्हणजे तो आयटम किती ऑर्डर लाइनींवर आला. पिकर एका नगासाठीही बिनपर्यंत जातो आणि दीडशे नगांसाठीही तेवढाच जातो.

दोन आयटम घेऊ. पहिल्याचे महिन्याला 3000 नग जातात, पण ऑर्डर लाइनी फक्त 20, कारण घेणारे अख्खे कार्टनच उचलतात. दुसऱ्याचे 400 नग जातात, लाइनी 380. नगांच्या हिशेबात पहिला आयटम टेबलापासून 10 मीटरवर बसला आणि दुसरा 60 मीटरवर. एका फेरीत एकच लाइन उचलली जाते असं धरलं, तर जाऊन-येऊन पहिल्यासाठी 400 मीटर आणि दुसऱ्यासाठी 45,600 मीटर होतात. जागांची अदलाबदल केली की पहिल्याचे 2,400 आणि दुसऱ्याचे 7,600. महिन्याला 36 किलोमीटर वाचले. सेकंदाला एक मीटर या चालीने दहा तास.

म्हणून पिकिंगच्या नोंदीत एका लाइनला एक ओळ ठेवा आणि आयटमचा कोड B रकान्यात आणि ज्याच्या लाइनी मोजायच्या त्याचा कोड E2 मध्ये असेल तर असं मोजा:

```
=COUNTIF(B:B,E2)
```

अपवाद एवढाच की एका लाइनचा माल ट्रॉलीत एका फेरीत मावला पाहिजे. मावत नसेल तर लाइनी सोडून खरोखरच्या फेऱ्या मोजा. शिवाय एखादा अवजड आयटम समोरच्या सहा बिन अडवून बसत असेल, तर त्या सहा जागांवर सहा छोटे आयटम मिळून किती फेऱ्या वाचवतील तेही बघा. बऱ्याचदा अवजड आयटमला मागे जावं लागतं.

पिकर एका फेरीत दहा-बारा लाइनी उचलत असेल तर वरचे आकडे इतके मोठे येणार नाहीत. तिथे टेबलापासूनच्या अंतरापेक्षा एका पिकलिस्टसाठी किती गल्ल्यांत शिरावं लागतं ते जास्त महत्त्वाचं. जोरात जाणारे आयटम दोन-तीन गल्ल्यांत आणा, पण सगळे एकाच रॅकवर कोंबू नका. ट्रॉल्या एकमेकींना अडून पिकर ताटकळत उभे दिसले, की समजा जास्तच कोंबलंय.

पुढची चूक लेबलांवर असते. एका दुपारी पिकलिस्ट हातात घेऊन मी पिकरच्या मागे चाललो. गल्लीच्या तोंडाशी पहिला बिन, मग थेट दहावा, अकरावा आणि मग परत दुसरा! त्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘साहेब, लिस्ट अशीच येते.’’ लोकेशनचे कोड मजकूर म्हणून क्रमाने लावले जात होते:

```
A-1, A-10, A-11, A-2
```

`A-01`, `A-02` असं शून्य लावलं की क्रम सुधारतो. अरुंद गल्लीत डावीकडे विषम आणि उजवीकडे सम आकडे द्या, म्हणजे एकाच चालीत दोन्ही बाजू उरकतात. आणि पत्ता व उचलण्याचा क्रम ही दोन वेगळी खाती ठेवा. पत्ता प्रत्येक गल्लीत एकाच टोकापासून सुरू होऊ दे, नाहीतर नवा माणूस गोंधळतो. उचलण्याचा क्रम मात्र पहिल्या गल्लीत आत जाताना आणि दुसरीत बाहेर येताना असा नागमोडी लावा.

एवढं करूनही चालणं कमी होत नसेल तर बिनचा आकार तपासा. तो 400 नगांचा आयटम, 26 दिवसांचा महिना धरला तर रोज सुमारे 15 जातो. समोरच्या बिनमध्ये सहाच मावत असतील तर तो दिवसातून दोन-तीनदा भरावा लागेल, आणि भरायला उशीर झाला की पिकर मागच्या साठ्याकडे जाणार. निदान तीन दिवसांचा माल, म्हणजे 45 नग मावतील असा बिन द्या. समोरच्या बिनमध्ये माल नाही म्हणून किती लाइनी अडल्या, याची आठवडाभर नोंद ठेवली की बिन कुठे लहान पडतोय ते कळतं.

मांडणी बदलायची म्हणून अख्खं गोदाम हलवू नका. किती मीटर वाचतील त्या क्रमाने अदलाबदलीच्या जोड्या लावा आणि वरच्या दहा जोड्याच आधी बदला. माल हलवला की लगेच, त्याच वेळी, सिस्टीममधलं लोकेशनही बदला. ते उद्यावर टाकलं तर सकाळची पहिली पिकलिस्ट पिकरला जुन्याच बिनकडे पाठवते.